व्यायामानंतर स्नायूत प्रथिन किती काळ बांधले जाते, आणि आठवड्यातून दोनदा का

प्रश्न : वय २८, वजन ७५ किलो, दीड वर्षापासून नियमित जिम. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी हात, शुक्रवारी पाय असा क्रम आहे. ट्रेनर म्हणतात की एका दिवशी स्नायू पूर्ण पिळून काढायचा आणि मग आठवडाभर त्याला सोडून द्यायचे. पण मी वाचले की स्नायूची वाढ ४८ तासांतच थांबते, त्यामुळे प्रत्येक स्नायू दोनदा करायला हवा. यातले खरे काय? आणि बदल करायचा तर नेमका कसा?

उत्तर : तुमच्या बाबतीत दोनदा केलेले बरे, असे माझे मत आहे. मात्र ‘४८ तासांनी वाढ थांबते म्हणून’ हे जे कारण सर्रास सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग समजला नाही, तर वेळापत्रक बदलूनही हाती काही लागत नाही.

स्नायूतील प्रथिन स्थिर नसते. दिवसाचे चोवीस तास जुने प्रथिन मोडत असते आणि नवे बांधले जात असते. विश्रांतीच्या स्थितीत निरोगी तरुण माणसाच्या स्नायूत दर दिवशी साधारण एक ते दीड टक्का प्रथिन नव्याने तयार होते आणि जवळपास तितकेच मोडते, त्यामुळे आकार आहे तसा राहतो. स्नायू वाढतो तो या जमाखर्चात रोज थोडीथोडी शिल्लक पडत गेली तरच. जमेच्या बाजूला स्नायु-प्रथिन संश्लेषण म्हणतात. वजन उचलल्याने स्नायूतंतूंवर जो ताण येतो, त्याने पेशीतील एमटॉर नावाची संकेतयंत्रणा चालू होते. रायबोसोमवरील प्रथिनबांधणीचा वेग त्यामुळे वाढतो, आणि तो वाढलेला वेग व्यायाम संपल्यानंतरही बराच काळ टिकतो.

हा वेग मोजतात कसा, हे आधी सांगतो, कारण पुढच्या आकड्यांची मर्यादा तिथेच आहे. शिरेतून फेनिलॅलानिन किंवा ल्युसिनसारखे एखादे अमिनो आम्ल देतात, ज्यातील काही अणू नेहमीपेक्षा जड असतात आणि म्हणून ओळखता येतात. मग त्वचा बधिर करून, बहुतेक वेळा मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, पेन्सिलीएवढी जाड पोकळ सुई घालून तांदळाच्या काही दाण्यांएवढा तुकडा काढतात. काही तासांनी दुसरा तुकडा काढतात. या अवधीत खूण केलेले अमिनो आम्ल स्नायूच्या प्रथिनात किती शिरले, यावरून ताशी वेग काढतात. अशा सुया एका माणसाला किती वेळा टोचणार? त्यामुळे असे प्रयोग सहा-आठ-दहा जणांवर होतात आणि तीन-चार ठरावीक वेळांनाच मोजमाप होते. लेखांमध्ये छापलेली ती गुळगुळीत चढती-उतरती रेषा प्रत्यक्षात तीन-चार बिंदू जोडून काढलेली असते.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडुगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांनी एका हाताने बायसेप्सचे बारा सेट मारले आणि दुसरा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. चार तासांनी संश्लेषण सुमारे ५० टक्के वाढलेले होते, चोवीस तासांनी दुपटीच्या थोडे वर गेले होते, आणि छत्तीस तासांनी ते जवळपास मूळ पातळीवर आले होते. दोन वर्षांनी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी मांडीच्या स्नायूवर मोजले, तेव्हा वाढ तीन तासांनी ११२ टक्के, चोवीस तासांनी ६५ टक्के आणि अठ्ठेचाळीस तासांनी अजूनही ३४ टक्के होती. तुम्ही वाचलेले ‘४८ तास’ मुख्यतः याच दुसऱ्या प्रयोगातून आले आहेत. दोन्ही प्रयोग प्रामाणिक आहेत. स्नायू वेगळे, माणसे वेगळी, म्हणून अवधी वेगळा. याच दुसऱ्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, ती फारशी कुणी सांगत नाही. व्यायामानंतर प्रथिन मोडण्याचा वेगही वाढतो, आणि उपाशीपोटी असलेल्या त्या लोकांत शिल्लक सुधारली खरी, तरीही ती शून्याच्या खालीच राहिली. म्हणजे केवळ वजन उचलून स्नायू वाढत नाही. बांधणीचा वेग वाढलेल्या त्या काळात प्रथिन पोटात पडावे लागते.

आता तुमच्याशी थेट संबंध असलेली बाब. दीड वर्ष व्यायाम केलेल्या माणसाचा प्रतिसाद नवख्यासारखा राहत नाही. २००८ मध्ये टँग आणि सहकाऱ्यांनी काही तरुणांच्या एकाच पायाला आठ आठवडे प्रशिक्षण दिले आणि नंतर दोन्ही पायांना सारखाच अवघड व्यायाम करायला लावला. चार तासांनी दोन्ही पायांत संश्लेषण वाढलेले होते, आणि प्रशिक्षित पायात तर ते जास्तच होते. पण अठ्ठावीस तासांनी नवख्या पायात वाढ अजून टिकून होती, तर प्रशिक्षित पाय पूर्ववत झाला होता. माणूस तोच, रक्त तेच, जेवण तेच. फरक फक्त आठ आठवड्यांच्या सवयीचा. सवय झालेला स्नायू झटकन प्रतिसाद देतो आणि झटकन शांत होतो.

हे तुमच्या आठवड्यावर मांडून पाहा. सोमवारी संध्याकाळी आठला छातीचा व्यायाम संपला. तुमच्यासारख्याच्या छातीत वाढलेला वेग मंगळवारी रात्रीपर्यंत, फार तर बुधवार सकाळपर्यंत राहील. तिथून पुढच्या सोमवारपर्यंत साडेपाच दिवस छातीचा स्नायू विश्रांतीच्या वेगाने चालतो. ट्रेनरसाहेब ज्याला ‘वाढीसाठी दिलेली विश्रांती’ म्हणतात, तिचा बराचसा भाग हा असा रिकामा जातो. खांद्याच्या आणि हातांच्या दिवशी छातीला थोडाफार अप्रत्यक्ष ताण मिळतो, पण तो मोजण्याइतका नसतो.

इथवर ‘दोनदा करा’ हे म्हणणे बिनतोड वाटते. तरीही मी एवढ्यावर थांबत नाही, कारण संश्लेषणाचा उंचावलेला आकडा म्हणजे प्रत्यक्ष वाढ नव्हे. ब्राझीलमधील दामास आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा तरुणांना दहा आठवडे प्रशिक्षण दिले. त्यांनी जड पाणी प्यायला देऊन पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या आठवड्यात आणि शेवटी असे तीन वेळा संश्लेषण मोजले. या पद्धतीत अख्ख्या दोन दिवसांचा हिशेब मिळतो. संश्लेषण सर्वांत जास्त वाढले ते पहिल्या व्यायामानंतर, म्हणजे स्नायूची इजाही सर्वाधिक होती तेव्हा. पण त्या वाढीचा आणि दहा आठवड्यांनी दिसलेल्या स्नायूच्या वाढीचा मेळ बसला नाही. तिसऱ्या आठवड्यापासून इजा कमी झाली, संश्लेषणाचा आकडाही उतरला, आणि मग मात्र तो आकडा व स्नायूची वाढ यांचा मेळ चांगला बसू लागला. याचा अर्थ सुरुवातीचे मोठे संश्लेषण बरेचसे डागडुजीवर खर्च होते. तुमच्या ट्रेनरांच्या ‘पिळून काढा’ या सल्ल्यातली खरी अडचण इथे आहे. सोळा-अठरा सेट मारून छाती चार दिवस दुखत असेल, तर त्या दुखण्याचा मोठा हिस्सा दुरुस्तीच्या खात्यात जातो. अंगदुखी हे वाढीचे माप नाही. एरवी सराव नसलेला माणूस एक दिवस सिंहगड चढून आला तरी त्याच्या मांड्या आठवडाभर दुखतात. त्या जाड होत नाहीत.

दुसरी बाब मात्रेची. एका बैठकीत सेट वाढवले की संश्लेषण वाढते, एका सेटपेक्षा तीन सेटनंतर ते अधिक वाढते आणि अधिक काळ टिकते, हे मोजलेले आहे. पण सेट दुप्पट केले म्हणून प्रतिसाद दुप्पट होत नाही. पहिल्या काही कसदार सेटनंतर प्रत्येक पुढच्या सेटचा लाभ घटत जातो, आणि थकवा मात्र पुरेपूर वाढत राहतो. म्हणून सोळा सेटच्या एका मोठ्या लाटेपेक्षा आठ-आठ सेटच्या दोन मध्यम लाटांची बेरीज जास्त भरण्याची शक्यता असते. मी ‘शक्यता’ हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. पूर्ण आठवडाभर रोज सुई घालून ही बेरीज सिद्ध करणे कुणाला परवडणारे नाही. त्यामुळे अखेर पाहायचे ते महिनोनमहिने चाललेल्या प्रशिक्षणाच्या प्रयोगांकडे, ज्यांत स्नायूची जाडी सोनोग्राफीने किंवा एमआरआयने मोजली जाते.

त्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी दोनदा केले आहे. २०१६ च्या विश्लेषणात आठवड्यातून एकदा करण्यापेक्षा दोनदा करणे सरस ठरले. २०१९ मध्ये अधिक प्रयोग हाती आल्यावर त्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा चित्र बदलले : आठवड्याचे एकूण काम सारखे ठेवले, तर किती दिवसांत ते वाटले याने ठळक फरक पडत नाही. काही जण हा निष्कर्ष वाचून ‘म्हणजे एकदा केले काय आणि दोनदा केले काय, सारखेच’ असे म्हणतात. मला तो अर्थ घाईचा वाटतो. प्रयोगशाळेत काम सारखे ठेवण्यासाठी देखरेख असते. आपल्या जिममध्ये सोमवारचा चौदावा सेट कसा होतो, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. प्रत्यक्षात दोनदा करण्याचा मुख्य फायदा हाच की तेवढेच सेट अधिक चांगले होतात, किंवा तेवढ्याच थकव्यात अधिक काम होते. संश्लेषणाची रेषा त्याला पूरक कारण आहे, एकमेव कारण नव्हे.

तुमच्याच छातीच्या दिवसाचे उदाहरण नमुन्यादाखल घेऊ. समजा सोमवारी तुम्ही बेंच प्रेस, इनक्लाइन डंबेल प्रेस, चेस्ट प्रेस मशीन आणि केबल फ्लाय हे चार व्यायाम प्रत्येकी चार सेट करता. बेंच प्रेसवर ६० किलोने १०, ९, ८, ७ रेप निघतात. लगेच इनक्लाइनवर २० किलोचे डंबेल घेतल्यावर ९, ८, ७, ६ निघतात, आणि मशीनवर ४० किलोने ८, ७, ६, ६. फ्लायच्या वेळी छातीपेक्षा खांद्याचा पुढचा भागच जास्त जळतो आणि तुम्ही सेट कसेबसे उरकता. आता बेंच आणि फ्लाय सोमवारी ठेवा, इनक्लाइन आणि मशीन गुरुवारी न्या. गुरुवारी ताज्या स्नायूने तेच २० किलोचे डंबेल १२, ११, १०, ९ वेळा उचलले जातील, आणि मशीनवर १०, ९, ९, ८ होतील. सोमवारी या दोन व्यायामांत मिळून ५७ रेप होत होत्या, आता त्याच वजनाने ७८ होतात. सेटची संख्या सोळाच राहिली, आणि छातीला एका आठवड्यात एकाऐवजी दोन वेळा चालना मिळाली. तीन-चार आठवड्यांत तुम्ही डंबेल साडेबावीस किलोवर नेऊ शकाल, आणि वाढीला लागणारा ताण खऱ्या अर्थाने तिथे मिळतो.

संपूर्ण आठवडा बसवायचा तर तुमच्यासाठी चार दिवसांची रचना सोपी पडेल : सोमवार आणि गुरुवार शरीराचा वरचा भाग, मंगळवार आणि शुक्रवार पाय. वरच्या भागाच्या दिवशी छातीचे आठ, पाठीचे आठ, आणि बाजूचा खांदा, बायसेप्स, ट्रायसेप्स यांचे प्रत्येकी दोन-तीन सेट पुरतात. ट्रायसेप्सचे सेट एवढे कमी कसे, असे तुम्हाला वाटेल. पण प्रत्येक प्रेसमध्ये तो राबतच असतो. बैठक दीड तासाच्या आत संपायला हवी. मोठ्या व्यायामांत दोन सेटमध्ये किमान दोन मिनिटे थांबा, मोबाइलकडे न बघता घड्याळाकडे बघून. प्रत्येक सेट जेमतेम एक-दोन रेप शिल्लक राहतील इथपर्यंत न्या. दर सेटला वजन अंगावर येईपर्यंत ओढण्याची गरज नाही, कारण तीनच दिवसांनी तोच स्नायू पुन्हा कामाला येणार आहे.

आता जेवण, कारण त्याशिवाय वरचे सगळे उपाशीपोटीच्या त्या प्रयोगासारखे होईल. रोज वजनाच्या प्रतिकिलो सुमारे १.६ ग्रॅम प्रथिन पुरते, त्यापुढे सरासरी लाभ फारसा वाढत नाही, असे २०१८ मध्ये मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रयोग एकत्र करून दाखवले. तुमच्यासाठी ते १२० ग्रॅम होतात. अंड्याचे किंवा व्हे पावडरचे २० ग्रॅमच्या आसपास प्रथिन एका वेळी घेतले की तरुण माणसात संश्लेषणाला बहुतेक पूर्ण चालना मिळते; संपूर्ण शरीराच्या व्यायामानंतर ४० ग्रॅमने ती थोडी जास्त मिळते. व्यायामानंतरच्या ‘अर्ध्या तासाच्या खिडकी’ची धास्ती घेऊ नका. व्यायाम केलेला स्नायू चोवीस तासांनीही प्रथिनाला अधिक तीव्र प्रतिसाद देतो, हे मोजले गेले आहे. म्हणून सोमवारच्या प्रोटीन शेकपेक्षा मंगळवारचा नाश्ता आणि जेवण मला जास्त महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे नेमके तिथेच अडते. तीन पोळ्या, वाटीभर वरण आणि भाजी या जेवणात जेमतेम पंधरा ग्रॅम प्रथिन असते, आणि पोह्यांच्या नाश्त्यात त्याहूनही कमी. नाश्त्याला चार अंडी आणि कपभर दूध घेतले तर सुमारे ३० ग्रॅम होतात. दुपारच्या जेवणात ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स शिजवून घातले तर २५ ग्रॅमची भर पडते, १०० ग्रॅम पनीरने १८ ग्रॅमची. रात्री दीडशे ग्रॅम चिकन, मासे किंवा पुन्हा पनीर-सोया, आणि कमी पडेल तिथे व्हेचा एक स्कूप, म्हणजे १२० चा आकडा आवाक्यात येतो. जेवणे तीन-चार वेळांत विभागलेली बरी, पण त्यासाठी गजर लावून उठण्याची गरज नाही.

दोनदा करायला लागलेल्यांचे गणित बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकते. ते सोमवारचे सोळा सेट तसेच ठेवतात आणि गुरुवारी आणखी दहा-बारा घालतात. काम वाटले जात नाही, जवळजवळ दुप्पट होते. हे झाले आहे की नाही, ते वहीत दिसते. गुरुवारच्या पहिल्या व्यायामाचा पहिला सेट पाहा. त्यात मागच्या गुरुवारइतक्या किंवा एखादी जास्त रेप निघाली, तर मधले तीन दिवस पुरले. सलग दोन आठवडे तो सेट खाली येत असेल, तर सोमवारच्या बैठकीतून दोन-तीन सेट काढून टाका. आणखी एक विश्रांतीचा दिवस घालण्यापेक्षा हे आधी करून पाहा. कोपर किंवा खांद्याचा पुढचा भाग प्रेसच्या वेळी टोचू लागला, तर स्नायूऐवजी कंडरेवर ताण जमतो आहे असे समजा. कंडरा स्नायूइतक्या लवकर सावरत नाही. अशा वेळी दोनपैकी एका दिवशी बारऐवजी डंबेल किंवा मशीन घ्या आणि वजन कमी करून रेप पंधरापर्यंत न्या. हलक्या वजनानेही सेट जवळजवळ शेवटपर्यंत नेला तर संश्लेषण चांगले वाढते. दुखणे दोन-तीन आठवड्यांत उतरले नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा.

पायांच्या बाबतीत मी थोडा सैल राहतो. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट दोन्ही जड वजनाने आठवड्यातून दोनदा करायला कंबर तयार होत नाही. म्हणून मंगळवारी स्क्वॉट जड ठेवून मांडीच्या मागच्या भागासाठी फक्त लेग कर्ल करा. शुक्रवारी रोमेनियन डेडलिफ्ट जड ठेवून मांडीच्या पुढच्या भागासाठी लेग प्रेस किंवा लेग एक्स्टेन्शन घ्या. दोन्ही भागांना दोनदा चालना मिळते आणि कंबरेवर जड भार प्रत्येक बैठकीत एकाच व्यायामाचा येतो.

आठवड्याला एका स्नायूचे सेट फक्त सहा-आठच असतील, तर ते एका दिवसात केले तरी फारसे बिघडत नाही, कारण तेवढ्या कामात शेवटचे सेट वाया जाण्याची वेळ येत नाही. पोटऱ्या किंवा बाजूचा खांदा यांचे काम तुम्ही तसे ठेवू शकता. आणि तीनदा करण्याचा विचार आत्ताच नको. आधी बारा आठवडे ही रचना चालवा, दर आठवड्याच्या पहिल्या सेटची नोंद ठेवा, आणि छातीचा व दंडाचा घेर महिन्यातून एकदा, सकाळी, व्यायामाआधी, त्याच जागी टेप लावून मोजा.